कानाचं मशीन आणि वेलांटीताई

स्टुडिओत तिला सगळे वेलांटीताई म्हणत. चपलांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्यांचा तो स्टुडिओ होता. तिथे लग्नांच्या, दुकानांच्या, शाळांच्या चित्रफिती तयार व्हायच्या आणि त्यांच्या खाली दिसणाऱ्या ओळी वेलांटीताई लिहायची. आधी ती एका छापखान्यात मुद्रितं तपासायची. तो छापखाना बंद पडला, पण तिची नजर काही बंद पडली नाही. रस्त्यानं जाताना दुकानाच्या पाटीवर ऱ्हस्वाचं दीर्घ झालेलं दिसलं की तिचा पाय अडायचा. नवरा पुढे निघून गेलेला असायचा आणि ही मागे पाटीकडे बघत उभी. नाव पडलं ते त्यामुळेच.

घरी सासरे होते. आयुष्यभर कोर्टात कारकुनी केलेले. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी त्यांच्या बोलण्यातलं कोर्ट काही उठलं नव्हतं. भाजीत मीठ कमी असलं तर ते "मीठ कमी आहे" असं म्हणत नसत. "मिठाचा अभाव निदर्शनास येतो," म्हणत. अलीकडे त्यांना ऐकू कमी यायला लागलं होतं. नवऱ्यानं मागे लागून त्यांच्यासाठी कानाचं मशीन आणलं, तर ते आठ दिवसांत दोनदा बंद पडलं. सासऱ्यांचं म्हणणं, माल खोटा आहे.

अशातच स्टुडिओत काम आलं ते नेमकं कानाच्या दवाखान्याचं. मशीन कसं वापरायचं, याची छोटी फीत करायची होती. ती दवाखान्याच्या प्रतीक्षागृहातल्या टीव्हीवर दिवसभर फिरणार होती, आणि आवाजाशिवाय. तिथे बसणाऱ्यांना आवाज नीट ऐकू येत असता तर ते तिथे आलेच नसते. म्हणजे सगळी भिस्त खालच्या ओळींवर. ओळी डॉक्टरीणबाईंनी स्वतः लिहून पाठवल्या होत्या.

वेलांटीताईनं पहिली ओळ वाचली: "श्रवणयंत्र धारण करण्यापूर्वी कर्णरंध्राची शुष्कता सुनिश्चित करावी." दुसरी: "स्नानसमयी यंत्राचा वापर सर्वथा वर्ज्य समजावा." तिसरी तर दोन ओळींत मावतच नव्हती: "कर्णपात्रिका अयोग्यरीत्या स्थापित झाल्यास प्रतिपुष्टिजन्य तीव्र ध्वनी उद्भवण्याची शक्यता नाकारता येत नाही."

"म्हणजे काय हो ताई?" मालकानं विचारलं. मालक तिच्याहून बराच लहान होता आणि त्याला सगळ्यातच घाई असायची.

"म्हणजे मशीन कानात नीट बसलं नाही तर शिट्टी वाजते."

"मग असं सरळ का नाही म्हणत?"

तिनं डॉक्टरीणबाईंना फोन लावून हेच जरा गोडीत विचारलं. बाई काही वाईट नव्हत्या. त्या म्हणाल्या, "ताई, माझ्याकडे येणारी सगळी वयानं मोठी माणसं. घरी त्यांच्यावर सगळे ओरडतात, कारण त्यांना ऐकू येत नाही. निदान माझ्या भिंतीवर तरी त्यांच्याशी कुणी आदरानं बोलावं, एवढंच माझं म्हणणं. म्हणून शब्दकोश घेऊन बसले मी."

वेलांटीताईनं तो मसुदा घरी नेला आणि सासऱ्यांपुढे ठेवला. त्यांनी चष्मा लावून तो सावकाश वाचला. चेहरा खुलला.

"वा! याला म्हणतात भाषा. कुणी लिहिलं गं?"

"डॉक्टरांनी. बाबा, कळलं ना पण काय करायचं ते?"

"न कळायला काय झालं? इतकं सुस्पष्ट लिहिलंय."

मग ते उठले, खांद्यावर टॉवेल टाकला आणि मशीन कानात ठेवूनच अंघोळीला गेले. बाहेर आले तेव्हा मशीन बंद पडलं होतं. तिसऱ्यांदा. "माल खोटा आहे," ते म्हणाले.

वेलांटीताईनं ठरवलं, हा मसुदा मुळापासूनच बदलायचा. मालकालाही तेच हवं होतं. "ताई, एकदम घरगुती करा. प्रेमळ. आपल्या आजी-आजोबांशी बोलतो तसं." तिलाही ते पटलं. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या वेलांट्या दुरुस्त केल्या, आता आपण जरा मोकळं लिहू, असं वाटून तिचा हात सुटला. "आजी-आजोबा, अंघोळीला जाताना मशीन काढायचं बरं का!" "शिट्टी वाजली? घाबरू नका हं, मशीन नीट बसवा पाहू!" एका ओळीखाली मालकानं हसरा कानही काढून दिला. दोघं आपल्या कामावर बेहद्द खूश झाली.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, एकदा लावून बघू या. प्रतीक्षागृहात खुर्च्यांच्या दोन रांगा, समोर टीव्ही, कोपऱ्यात पाण्याचं पिंप. सासऱ्यांचं मशीन दुरुस्तीला आणायचंच होतं, म्हणून वेलांटीताई त्यांनाही घेऊन आली होती. फीत सुरू झाली. पहिल्या दोन-तीन ओळी शांततेत गेल्या. मग "पाहू" आलं, आणि पहिल्या रांगेतल्या एक बाई उठल्या. उंच, ताठ, केस करकचून मागे बांधलेले. कधीकाळी मोठ्या इस्पितळात मेट्रन होत्या असं नंतर कळलं, पण ते तसं न सांगताही दिसत होतं.

त्या थेट नोंदणीच्या टेबलाशी गेल्या. "हा टीव्ही मला आजी कोणत्या नात्यानं म्हणतोय?"

टेबलामागची मुलगी गडबडली. "तसं नाही मॅडम, प्रेमानं..."

"मला नातवंडं नाहीत. मुलंही नाहीत. आणि 'बसवा पाहू' काय? मी काय बालवाडीत आले आहे?"

ऐकू कमी येणाऱ्या माणसांना स्वतःचा आवाजही कमीच वाटतो. त्यामुळे मेट्रनबाईंचं बोलणं रस्त्यापर्यंत पोचलं. खोलीत माना डोलल्या. एक गृहस्थ म्हणाले, हसरा कान बघून आपला अपमान झाला. सासऱ्यांना मशीनशिवाय यातलं काहीच ऐकू आलं नव्हतं, पण ओळी त्यांनी वाचल्या होत्या. ते सुनेकडे झुकून, त्यांच्या मते हळूच, म्हणाले, "कुण्या उल्लूनं लिहिलंय गं हे?"

वेलांटीताईला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. डॉक्टरीणबाईंनी टीव्ही बंद केला.

पुढचे दोन दिवस तिला काही सुचेना. "करावे" लिहिलं की कोर्ट, "करायचं हं" लिहिलं की बालवाडी. एकदा तिनं सगळीकडे "आपण" घालून पाहिलं: "आपण मशीन काढावं." वाचल्यावर वाटलं, हॉटेलातला वेटर बिल पुढे करतोय. मग "कृपया" घातलं. ते तर बसमधल्या पाटीसारखं दिसायला लागलं. मालक दर तासाला "झालं का?" विचारत होता आणि ती दर तासाला त्याला बाहेर हाकलत होती.

रविवारी सकाळी ती कांदा चिरत होती. सासरे दुरुस्त होऊन आलेलं मशीन कानात घालून, खांद्यावर टॉवेल टाकून न्हाणीघराकडे निघाले. तिनं सुरी हातात धरूनच हाक मारली.

"बाबा, मशीन काढून ठेवा. पाणी गेलं तर बंद पडेल."

सासरे थांबले. त्यांनी मशीन काढलं, कपाटावर ठेवलं आणि आत गेले. ना "सर्वथा" ना "बरं का". वाद नाही, कुरकुर नाही.

तिचे डोळे आधीच कांद्यानं भरले होते. ती तशीच उभी राहिली. आपण आत्ता काय बोललो? "बाबा" म्हटलं, पण ते तिचे सासरे आहेत म्हणून. टीव्हीला ते नातं नाही, तेव्हा ते काढायचं. "काढून ठेवा." सरळ सांगितलं, पण मान ठेवून. "ठेवा"मध्ये मान आहेच, त्याला वेगळं "कृपया" चिकटवायची गरज नाही. आणि लगेच कारण दिलं. नुसतं "काढा" म्हटलं असतं तर हुकूम झाला असता. कारण सांगितलं म्हणजे, तुम्हाला कळतं, तुम्हीच ठरवा, असं म्हटल्यासारखं झालं. मोठ्या माणसाला आणखी काय हवं असतं?

कांदा तसाच राहिला. तिनं ओळी लिहून काढल्या. "अंघोळीआधी मशीन काढून ठेवा." त्याखाली: "पाणी गेलं तर ते बंद पडतं." "शिट्टी वाजली, तर मशीन नीट बसलेलं नाही. काढून पुन्हा बसवा." "झोपताना मशीन काढा आणि बॅटरीचं झाकण उघडं ठेवा. बॅटरी जास्त टिकते." वाक्य तोडायचं तर अर्थ जिथे श्वास घेतो तिथे. "बॅटरीचं" एका ओळीत आणि "झाकण" दुसऱ्या ओळीत गेलं, तर वाचणारा मध्येच लटकतो. आणि प्रत्येक ओळ पडद्यावर जास्त वेळ थांबवायची. मालक म्हणाला, फीत लांबेल. "लांबू दे," ती म्हणाली. "तिथे बसलेल्यांना कुठे जायची घाई आहे?"

"श्रवणयंत्र"वरून डॉक्टरीणबाईंशी थोडी ओढाताण झाली. शेवटी सुरुवातीला एकदा मोठ्या अक्षरांत "श्रवणयंत्र", आणि पुढे सगळीकडे "मशीन", यावर तह झाला. मोठा विरोध घरातून झाला. सासऱ्यांनी कागद वाचला आणि पेन उघडलं.

"'गेलं'? 'गेले' लिही. ही टिंबं कसली?"

"बोलताना आपण 'गेलं'च म्हणतो, बाबा."

"बोलणं वेगळं, लिहिणं वेगळं. यात भारदस्तपणा कुठे आहे?"

"कळतंय ना पण?"

"कळण्याचा प्रश्नच नाही," सासरे म्हणाले. "ते कुणालाही कळेल. तोच तर दोष आहे."

टिंबं राहिली. फीत लागली. मेट्रनबाई पुढच्या खेपेला आल्या, पहिल्या रांगेत बसल्या आणि त्यांनी ती शेवटपर्यंत पाहिली. कौतुक केलं नाही. पर्समधून मशीन काढलं, बॅटरीचं झाकण उघडून बघितलं आणि परत बंद केलं. एवढंच. नोंदणीवरच्या मुलीनं ही बातमी फोन करून कळवली, तेव्हा वेलांटीताई खुर्चीतून उठून खिडकीपाशी जाऊन आली.

सासऱ्यांचं मशीन त्यानंतर बंद पडलं नाही. माल सुधारला, असं ते म्हणतात.

महिन्याभरानं डॉक्टरीणबाईंनी दुसऱ्या फितीचा मसुदा पाठवला. विषय, कानात काडी घालू नये. सोबत निरोप होता: "ताई, तुमच्यामुळे माझे डोळे उघडले. या वेळी अगदी मोकळं लिहिलंय. शब्दकोश कपाटात!" पहिली ओळ होती: "अहो, काय हे! कानात काडी? छे छे छे!"

वेलांटीताईनं ती दोनदा वाचली. मालक मागून डोकावला आणि म्हणाला, "मस्त आहे की ताई, काही हात लावायला नको."

तिनं खुर्ची पुढे ओढली, पहिल्यांदा एक "छे" पुसला, मग दुसरा, आणि तिसऱ्यावर बोट ठेवून बराच वेळ विचार करत बसली.