योग्य कपात शून्य

मी उदगीरच्या एका शाळेत लिपिक. पगार लातूरच्या मुख्य कार्यालयातून निघायचा. माझी मुलगी मतिमंद. अशा मुलांच्या आईबापांना व्यवसाय कर माफ असतो, हे मला फार उशिरा कळलं. मग पगार विभागाला पत्र लिहिलं: एप्रिल ते जानेवारी दरमहा दोनशे, फेब्रुवारीत तीनशे, मार्चमध्ये दोनशे, एकूण कपात अडीच हजार, योग्य कपात शून्य. सोबत मुलीचं प्रमाणपत्र जोडलं.

तिथल्या बाबूचा फोन आला. "मॅडम, प्रमाणपत्र लई जुनं हाय. नवीन आणा."

डोकं सणकलं. हे काय पडसं आहे, बरं व्हायला? तरी तिला एसटीनं लातूरला नेलं, सरकारी दवाखान्याच्या रांगेत दिवसभर धरून बसवलं. पोरगी गर्दीला भेदरून माझा पदर चावत राहिली. मिळालेला नवा कागद पगार विभागात नेऊन दिला.

पावसाळ्यात पोरगी तापानं गेली.

त्यानंतरच्या पगारपत्रकात व्यवसाय कर शून्य होता आणि मागची सगळी कपात परत आली होती. मी पुन्हा पत्र लिहिलं: मुलगी वारली, आता योग्य कपात दोनशे.

बाबूचं उत्तर आलं: प्रमाणपत्र जोडा.