मधलं पद

बाईंना सगळे समासबाई म्हणायचे. तोंडावर नाही, पण त्यांना ठाऊक होतं. राग यायचा नाही. उलट एकदा दूधवाल्यानं चुकून तोंडावर म्हटलं तेव्हा त्यांनी तिथल्या तिथे त्याची परीक्षा घेतली. "दूधवाला हा समास नाही बरं, 'वाला' हा प्रत्यय आहे. पण मला समासबाई म्हणालास तो समास. समास शिकवणाऱ्या बाई. मधलं 'शिकवणाऱ्या' गाळलंय, म्हणून मध्यमपदलोपी. कळलं?" तो बिचारा मान डोलावून पळाला आणि दुसऱ्या दिवशीपासून पिशवी दाराला अडकवून जायला लागला.

चाळीस वर्षं शाळेत व्याकरण शिकवलं. निवृत्त झाल्यावर माणसं झाडं लावतात, गुडघे दाखवत डॉक्टरांकडे फिरतात. बाईंनी समासाची सराव पुस्तिका काढली. बत्तीस पानं, मागे उत्तरसूची. दर वर्षी नवी आवृत्ती, त्याच छापखान्यात. छापखान्याचे मालक म्हणजे बाईंचेच नापास विद्यार्थी, त्यामुळे काम वेळेवर व्हायचं.

आता घरात कोण, ते सांगतो. बाईंनी लग्न केलं नाही. धाकटी बहीण गेली तेव्हा तिचा चार वर्षांचा मुलगा यांच्या पदरात आला. त्याला त्यांनी वाढवलं, शिकवलं, त्याचं लग्न लावलं. तो यांना मावशी म्हणायचा, म्हणून त्याची बायकोही मावशीच म्हणायला लागली. दीड वर्षापूर्वी तो तापानं फणफणला आणि चार दिवसांत गेला. एवढंच. याहून जास्त बाई कुणाला सांगत नसत, आणि मीही सांगत नाही.

राहिल्या दोघी.

सून शाळेत व्याकरणात अगदी ढ. कुठलाही समास दिला की 'कर्मधारय' लिहून मोकळी व्हायची, कारण तो शब्द भारदस्त वाटायचा. पण भाचा गेल्यावर पहिल्या महिन्यात, दोघींना एकमेकींशी काय बोलावं ते सुचेना, तेव्हा बाईंनी तिच्यापुढे पुस्तिका सरकवली. "सोडव. काहीतरी कर." तिनं सोडवली. चुकली. बाईंनी लाल शाईनं तपासली. दुसऱ्या दिवशी पुन्हा. असं करत करत पोरगी तयार झाली. संध्याकाळी बाई म्हणायच्या, "चहापाणी कर गं," आणि ती स्वयंपाकघरातून ओरडायची, "समाहार द्वंद्व! चहा, पाणी वगैरे! वगैरेत बिस्किटं धरू का?" बाई म्हणायच्या, "धर, पण तीनचारच." "तीन किंवा चार, वैकल्पिक. मी चार धरते." वैकल्पिकाचा असा फायदा बाईंच्या चाळीस वर्षांच्या विद्यार्थ्यांपैकी एकानंही घेतला नव्हता.

मग नव्या आवृत्तीची प्रुफं ती तपासायला लागली. पद्धत अशी: प्रश्न सोडवायचे, मग उत्तरसूचीशी ताडून पाहायचे. न जुळलं तर एक तर ती चुकली, नाहीतर छापखाना. बाई चुकतात ही शक्यता पद्धतीत धरलेलीच नव्हती.

सगळं ठीक चाललं होतं. मग शेजारच्या काकू एकदा कडीपाशी उभ्या राहून म्हणाल्या, "बाई, बोलू नये पण बोलते. तुम्ही तिच्या सख्ख्या सासूसुद्धा नाही. जोडणारा होता तो गेला. तरणी पोर, किती दिवस अडकवून ठेवणार?" बोलू नये म्हणणारी माणसं नेमकं तेच बोलतात. बाई रात्रभर तळमळल्या आणि सकाळी, पोटात एक आणि ओठांत एक, सुनेला म्हणाल्या, "तुझ्या दादाला कळव. येऊन घेऊन जा म्हणावं. इथे माझ्यासारख्या म्हातारीजवळ तुझं काय आहे?"

सून नुसतं "बरं" म्हणाली. तिला वाटलं, मावशींना आपण जड झालो. बाईंना वाटलं, बरं म्हणाली म्हणजे तिला जायचंच होतं. दोघी शब्दाशब्दाचा कीस काढणाऱ्या, आणि 'बरं' या दोन अक्षरांचा अर्थ दोघींनाही लागला नाही!

रविवारी अकराला दादा यायचा होता, आणि बाराला छापखान्याचे मालक प्रुफं न्यायला. शेवटचा फर्मा, म्हणजे प्रुफांची शेवटची काही पानं, सुनेनं आठवडाभर रेंगाळत ठेवला होता.

दादा साडेदहालाच आला. भला माणूस, पण खुर्चीच्या टोकावर बसणारा. बाहेरच्या खोलीत तिची बॅग भरून तयार होती. त्यानं ती दोनदा उचलून पाहिली आणि दोनदा खाली ठेवली. बाई समोर बसल्या. बोलायला विषय नाही. "गाडीत जागा मिळाली का?" "मिळाली." आतल्या टेबलावर सून शेवटचं पान तपासत होती. तिच्या पेन्सिलीचा आवाज बाहेर येत होता आणि बाईंना वाटत होतं, हे पान संपूच नये. संपलं की ती उठणार, आणि उठली की गेली.

एवढ्यात आतून हसू फुटलं.

बाई दचकल्या. दीड वर्षात त्या घरात असं कुणी हसलं नव्हतं. पोट धरून, थांबवता न येणारं हसू.

"मावशी! अहो मावशी, इकडे या! लंगोटीमित्राचा विग्रह ऐका. लंगोटीमित्र: नवऱ्याची मावशी या नात्याने सासू!"

"काय?" म्हणत बाई आत धावल्या. मागोमाग दादा.

"आणि पुढे तर कहरच. नातसून: लंगोटी घालत असल्यापासूनचा मित्र! गुरुबंधू: नातवाची बायको या नात्याने सून!" तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. दादाला काही कळलं नाही, पण तोही हसला. बहीण हसतेय एवढं त्याला पुरे होतं.

बाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी पान पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. चूक छापखान्याची नव्हती.

सून हसता हसता बोट फिरवायला लागली. "मावसभाऊ, घोडेस्वार, चुलतसासरा, तीन जुळतात. चौथ्यापासून सगळं एकेक घर खाली सरकलंय. प्रश्नात शब्द सात, सूचीत उत्तरं आठ. म्हणजे प्रश्नातला एक शब्द..." बोट थांबलं. हसूही थांबलं. तिनं फळीवरची मागच्या वर्षीची पुस्तिका काढली. चौथा शब्द: मावससासू.

"हा तुम्ही काढलात?"

बाईंनी जुन्या पुस्तिकेतल्या त्या शब्दावर बोट ठेवलं.

"मीच काढला," शेवटी त्या म्हणाल्या. "सूचीतून काढायचा राहिला."

"का?"

आता दादा दाराच्या चौकटीत अवघडून उभा. परीक्षेला बसवल्यासारख्या बाई उभ्या, आणि टेबलामागे सून. चाळीस वर्षांत बाई टेबलाच्या या बाजूला कधी उभ्या राहिल्या नव्हत्या.

"अगं, तू सोडवणार होतीस ना," बाई म्हणाल्या. "विग्रह करताना तुला लिहावं लागलं असतं, 'नवऱ्याची'. माझाच हात तिथे अडला. म्हटलं, तुला लागेल. पुस्तिकेतलं ते पान मी तुला कधी सोडवायला दिलंच नव्हतं. या वेळी प्रुफात तुझ्यापुढे येणार, म्हणून गाळला."

"मला वाटलं, तुम्ही मलाच गाळलंत."

"काहीतरीच काय बोलतेस!"

"मग काय वाटेल मला? आधी म्हणता, दादाला बोलाव. वर हा शब्द काढता." तिचा आवाज चढला. "मावशी, मध्यमपदलोपी मला कसा शिकवलात तुम्ही? मधलं पद मेलेलं नसतं, दिसत नाही एवढंच. अर्थात ते असतंच. विग्रह केला की परत येतं. हेच ना? वहीत लिहून घेतलंय मी."

"हो. हेच."

"मग शब्दच काढून टाकलात तर तो परत येणार कुठून?"

बाई खुर्चीवर मटकन बसल्या. पदराचं टोक डोळ्यांना लावलं आणि मनसोक्त रडल्या. भाचा गेला त्या दिवशी त्या रडल्या नव्हत्या. पाहुण्यांना पाणी देत होत्या. सून जवळ आली, जमिनीवर बसली आणि त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवून तीही रडली. दादानं इकडेतिकडे पाहिलं आणि पाण्याचा तांब्या आणायला गेला. स्वयंपाकघर कुठे ते त्याला ठाऊक नव्हतं, म्हणून त्याला जरा वेळ लागला. ते बरंच झालं.

"लागू दे मला," सून म्हणाली. "दर वेळी लागू दे. पण लिहू दे."

बाईंनी तिच्या केसांवरून हात फिरवला. "मग जाऊ नकोस. राहा गं. मला तू हवी आहेस. ती शेजारीण काय वाटेल ते बोलू दे."

"शेजारणीचं ऐकून मला घालवत होतात?" सून डोळे पुसत म्हणाली. "व्याकरणाच्या बाई ना तुम्ही? ज्या बाईला 'आणि' आणि 'किंवा' यातला फरक कळत नाही, तिचं ऐकलंत?"

बाई रडता रडता हसल्या. मग नाक पुसून, नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "ते लाल पेन दे. नाही, तूच घे. काकपद कसं काढायचं माहीत आहे ना?"

काकपद म्हणजे शब्द राहून गेला की दोन शब्दांच्या मध्ये, खाली, काढायची ती कावळ्याच्या पायासारखी खूण. सुनेनं चुलतसासरा आणि लंगोटीमित्र यांच्या मध्ये ती काढली, आणि पानाच्या कडेच्या समासात नीट अक्षरात लिहिलं: मावससासू. पुढचे आकडे एकेक करून बदलले. आता प्रश्नात आठ, सूचीत आठ. लंगोटीमित्राला त्याची लंगोटी परत मिळाली.

बाराला मालक आले, पान घेऊन गेले. "बाई, इतक्या वर्षांत पहिल्यांदा तुमची चूक सापडली," म्हणाले. त्यांना फार आनंद झालेला दिसला.

दादाचं मात्र अजून मिटलं नव्हतं. बॅग पुन्हा आत गेली, जेवण झालं, निघायची वेळ झाली. दारात चप्पल घालता घालता तो थांबला. "तसं माझं काही म्हणणं नाही गं," तो म्हणाला, "पण आई विचारेल. शेजारपाजारही विचारेल. तू इथे राहिलीस ते नक्की कुणाकडे म्हणून? काय नातं सांगू?"

सून दाराला टेकून उभी होती. आधी तिनं बाईंकडे पाहिलं. मग एकही पद न गाळता, सावकाश म्हणाली, "सांग, नवऱ्याची मावशी या नात्याने सासू."

'नवऱ्याची' म्हणताना तिचा आवाज हलला, पण तुटला नाही.

बाईंचे डोळे भरून आले होते. पण चाळीस वर्षांची खोड, ती जाते होय?

"बरोबर," त्या म्हणाल्या. "समासाचं नाव सांगितलं नाहीस. अर्धा गुण कापला."