दिसेल त्या कॉलमवर इंडेक्स

राजारामपुरीतल्या आमच्या दोन खोल्यांच्या ऑफिसात मी आणि माझा मित्र गावोगावच्या दूध संस्थांसाठी वेब ॲप चालवायचो. एका सभासदाचं दूध शोधायला डेटाबेस सगळ्या नोंदी पहिल्यापासून चाळायचा. पान उघडेपर्यंत चहा निवायचा. मित्रानं सभासद क्रमांकावर इंडेक्स, म्हणजे पुस्तकामागं असते तशी सूची, टाकला आणि पान झटक्यात उघडलं. मग गडी चेकाळलाच. फॅट, गाव, गाय की म्हैस, दिसेल त्या कॉलमवर इंडेक्स!

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्या संस्थांचं संकलन एकदमच सुरू झालं आणि रांगा तुंबल्या. दुधाची एक नोंद टाकली की तेवढे सगळे इंडेक्सही बदलावे लागत होते. राधानगरीकडच्या एका सेक्रेटरींचा फोन आला. मागून बायका ओरडत होत्या, “पावणं, दूध नासतंय की वो!”

मी मित्रावर भडकलो, “शोधणारा एक हाय, दूध घालणारं अख्खं गाव हाय!” त्यानं गुपचूप पहिला इंडेक्स ठेवून बाकीचे काढले. रांगा हलल्या.

आता तो परदेशात आहे, मी मोठ्या कंपनीत. इथं कुणी नवा इंडेक्स मागितला की मी विचारतो, “रांगेत कोण उभं हाय?”