संचारबंदीतले पाय

बाबांच्या घोट्यांभोवतीची कातडी काळपट, चामड्यासारखी झाली होती आणि सारखी खाजायची. लालबागच्या आमच्या चाळीने ते गजकर्ण ठरवलं. मीही महिनाभर गजकर्णाचं जळजळीत मलम इमानेइतबारे चोळत राहिले. कातडी लाल होऊन चिरली, तेव्हा कुठे आम्ही डॉक्टरांकडे गेलो.

डॉक्टरांनी आधी ते मलम बंद केलं. "गिरणीत वर्षानुवर्षं कापड विणायच्या साच्यापुढे उभं राहून पायांतल्या शिरा कमजोर झाल्यात. रक्त वर चढत नाही, खालीच साचतं," ते म्हणाले. "खाजवू नका, पायाला साबण नको, साधं व्हॅसलीन लावा. सकाळी अंथरुणातून उठायच्या आधी पावलापासून गुडघ्यापर्यंत ताणाची पट्टी बांधा. आणि जमेल तेव्हा पाय छातीपेक्षा उंच ठेवून पडा."

जमेल तेव्हा म्हणजे कधी, हे बाबांनी विचारलं नाही. पट्टी तेवढी मी रोज बांधायचे.

मग संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत गोळीबार झाला, संचारबंदी लागली आणि गिरणी बंद पडली. बाबा चार दिवस चटईवर पडून होते, पाय ट्रंकेवर. सूज उतरली. काळे डाग तसेच राहिले, पण खाज निवली. कित्येक महिन्यांनी ते शांत झोपले.

पाचव्या सकाळी संचारबंदी उठली आणि गिरणीचा भोंगा झाला. "लवकर बांध गं," बाबा म्हणाले.

वरच्या मजल्यावरचा माणूस त्याच गोळीबारात गेला होता. त्याची बायको अजून रडत होती. आणि मी पट्टी गुंडाळताना देवाकडे आणखी आठवडाभराची संचारबंदी मागत होते.