पाणी आलं की नेट जातं

"नेट स्लो हाय" हे वाक्य सोलापुरात किती तऱ्हांनी म्हणता येतं, ते अजिनाथला विचारावं. कापडवाले शेठ म्हणतात, "अरे, तुमचं नेट हाय का बैलगाडी?" कॉलेजची पोरं म्हणतात, "दादा, गोल गोल फिरतंय नुसतं." रिटायर मास्तर तर फोनवर पहिलं वाक्य टाकतात, "मी तक्रार करणाऱ्यातला माणूस नव्हे," आणि पुढं पाऊण तास तक्रार करतात. अजिनाथ सगळ्यांना एकच म्हणतो, "येतो की. बघतो की."

अजिनाथ मूळचा करमाळ्याकडच्या एका वस्तीवरचा. लहानपणी विहिरीवरची मोटार बंद पडली की तालुक्यातून मेकॅनिक यायचा. आई, बजाबाई, पदर सावरून विचारायची, "काय झालं वो भाऊ?"

"जळली."

"कशानं जळली?"

"तुमाला न्हाई कळायचं बाई."

महिन्याभरानं मोटार परत जळायची आणि बजाबाईला परत कळायचं न्हाई. ते अजिनाथच्या मनात काट्यासारखं रुतून बसलं. इंटरनेटच्या कंपनीत लागल्यावर त्यानं स्वतःचा एक कागदी पॅड शिवून घेतला. काम झालं की साध्या भाषेत लिहायचा: काय बिघडलं होतं, कशानं, मी काय केलं, आता तुम्ही काय करायचं. गिऱ्हाइकं तो कागद जपून कॅलेंडरमागं खोचून ठेवायची. ऑफिसात उदयसिंह सुपरवायझर कपाळाला हात लावायचे. "अजिनाथ, तू टेक्निशियन हायस का कादंबरीकार? ॲपमधी ऑप्शन दिलेत ना? वायर तुटली, राऊटर खराब, इतर. टिक कर आणि क्लोज कर की रे!"

त्या ॲपमध्ये ईरम्मांच्या घराची तक्रार तिसऱ्यांदा आली होती.

ईरम्मा अक्कलकोटकडच्या. लग्न होऊन सोलापुरात चाळीस वर्षं झाली, तरी राग आला की कानडी आधी यायची आणि मराठी मागनं धापा टाकत यायची. मुलगा संगप्पा होटगीला रेल्वेच्या ठेकेदाराकडं. सून विजयमाला घरूनच पुण्याच्या एका विमा कंपनीचे फोन घेई. मागच्या खोलीत, कानाला हेडफोन, समोर कंपनीनं दिलेला लॅपटॉप. फोनवर तिचा आवाज असा काही मऊ व्हायचा की ईरम्मा स्वयंपाकघरातनं नक्कल करायच्या, "नमस्कारऽ, मी आपली काय मदत करू शकतेऽ? तम्मा, माझ्याशी एवढं ग्वाड एकदा तरी बोलली का ईचार." अजिनाथला त्या तम्मा म्हणायच्या, कानडीत धाकटा भाऊ.

दोन वेळा अजिनाथ येऊन गेला होता. तक्रार नोंदवल्यावर दोन-तीन दिवसांनी नंबर लागायचा. तो यायचा, मोजायचा, वेग चांगला असायचा. ॲपमध्ये दोन्ही वेळा त्याला "बिघाड आढळला नाही" असं लिहावं लागलं. हे वाक्य त्याला स्वतःलाच मेकॅनिकच्या तोंडचं वाटलं होतं.

तिसऱ्या वेळी विजयमालानं थेट त्याच्या मोबाइलवर फोन केला. मऊ आवाज कुठल्या कुठं गेला होता.

"दादा, आज या. आत्ता या. चालू फोनमधी मी दोनदा गायब झाले. कंपनीनं मेल केलाय. इंटरनेटवाल्याकडून लेखी आणा, कशामुळं झालं आणि काय दुरुस्त केलं ते. उद्यापर्यंत. नाहीतर काम बंद म्हणालेत."

तो गेला तर दारात पाइप, जिन्यावर पाइप, ईरम्मांच्या साडीचा ओचा भिजलेला. नळाला पाणी आलं होतं. पाच दिवसांनी. मधल्या खोलीत कडाप्प्याच्या कट्ट्यावर निळे ड्रम ओळीनं उभे होते, सगळे काठोकाठ.

"बघ तम्मा, नीरु आलं की हिचं नेट जातंय," ईरम्मा सहज म्हणाल्या. "नशीबच उलटं."

अजिनाथ जागच्या जागी थांबला. "आज्जी, मागच्या वेळेला पाणी कधी आलंतं?"

"भिंतीवर हाय की." कॅलेंडरवर त्यांनी पाण्याच्या दिवसांना हळदीची बोटं लावून ठेवली होती.

"ताई, नेट गेल्याच्या तारखा हायत तुमच्याकडं?"

विजयमालाच्या मोबाइलमध्ये होत्या, कंपनीला उत्तरं द्यायला लिहून ठेवलेल्या. तिनं वाचल्या, तो कॅलेंडरवर बोट फिरवत गेला. पिवळा ठिपका आणि त्याच दिवशी नेट गेलेलं. त्याच्या दुसऱ्या दिवशीही रडतखडत. तिसऱ्या-चौथ्या दिवशी बरं. तक्रारीवर तो यायचा तेव्हा निम्मे ड्रम रिकामे झालेले असायचे.

राऊटर मधल्या खोलीत, कमरेएवढ्या उंचीच्या बोर्डाजवळ, ड्रमच्या मागं भिंतीला चिकटवलेला. बसवणाऱ्याला तिथं प्लग दिसला, त्यानं तिथं बसवला. विजयमालाची खोली ड्रमांच्या पलीकडं.

त्यानं आधी बाहेरून येणाऱ्या फायबरच्या तारेतला प्रकाश मोजला. उत्तम. राऊटरला केबल लावून लॅपटॉप जोडला. शंभराच्या प्लॅनला अठ्ठ्याण्णव. राऊटरजवळ उभा राहून मोबाइलवर वायफाय मोजलं. झक्कास. ड्रमांच्या पलीकडं, विजयमालाच्या खुर्चीत बसून मोजलं. दोन. आणि तेही थरथरत.

"आज्जी, वायफाय म्हंजे हवेतनं जाणाऱ्या लहरी. पाणी त्या पितं. रिकाम्या ड्रममधनं जातात, भरलेल्यातनं लई कमी."

"पाणी माणसानं प्यायचं का पाण्यानं नेट प्यायचं?" ईरम्मा कमरेवर हात ठेवून म्हणाल्या. "मग काय ड्रम वतू? परत नळ पाच दिवसांनी येतोय, तुझा सायेब आणून देणार का?"

"वतू नका. बघा." त्यानं राऊटर हातात घेऊन ड्रमांच्या वर, छताकडं धरला. "ताई, आता मोजा."

"चाळीस!" आतून ओरडली विजयमाला. त्या एका शब्दात सगळ्या दिवसांचा जीव होता.

राऊटर माळ्यावर न्यायचा ठरला. तिथं ईरम्मांचा कुरडयांचा पत्र्याचा डबा होता. "डबा हलवायचा न्हाई. उंदरं लागत्यात." मग सुनेच्या तोंडाकडं बघून त्यांनी स्वतःच डबा उतरवून घेतला. अजिनाथनं बारीक तार न मुडपता वर नेली, राऊटर बसवला आणि तिथनं एक केबल भिंतीच्या कडेनं थेट लॅपटॉपपर्यंत आणली. "ताई, कामाला हीच वापरा. हिला हवा न्हाई का पाणी न्हाई."

मग तो पॅड काढून बसला. लिहिलं ते असं:

"नेट हळू होण्याचं कारण: राऊटर पाण्याच्या ड्रमांमागं खाली होता. ड्रम भरले की वायफायच्या लहरी पाण्यात अडकत आणि मागच्या खोलीत पोचत नसत. पाणी वापरून कमी झालं की नेट आपोआप सुधारे. म्हणून आधीच्या दोन भेटींत मला बिघाड सापडला नाही. ती चूक माझी, मी पाण्याचा दिवस पाहिला नाही. बाहेरची तार आणि राऊटर चांगले आहेत. काय केलं: राऊटर ड्रमांच्या वर माळ्यावर बसवला. कामाच्या लॅपटॉपला केबल जोडली. आता तिथला वेग अठ्ठ्याण्णव. तुम्ही काय करायचं: राऊटर खाली आणू नये. काम केबलवरच करावं."

विजयमालानं वाचलं. एकदा, दोनदा.

"दादा, हे 'पाण्याचे ड्रम' काढता येतील का? 'बाहेरची लाइन खराब होती' असं लिहा ना. पुण्यातल्या आमच्या मॅडमच्या घरात चोवीस तास पाणी. त्यांना वाटेल, चेष्टा करतीय."

अजिनाथनं उदयसिंहांना फोन लावला. तिकडनं आवाज दणदणीत आला, सगळ्या खोलीला ऐकू गेला. "येडा झालास का? लाइनचं रीडिंग हितं स्क्रीनवर दिसतंय, सगळं हिरवं! लाइन फॉल्ट कसा लिहितोस? कस्टमर साइड लिही, कारण गिऱ्हाइकाच्या घरातलं, आणि क्लोज कर!"

"ताई, तुमच्या कंपनीनं आमच्याकडं विचारलं तर खोटं पडंल. मग तुमीच खोट्या ठराल."

मग तिनं कागदाचा फोटो काढला आणि पाठवून दिला. "खरं हाय ते खरं," असं म्हणाली, पण ते तिच्या फोनवरच्या आवाजात म्हणाली.

चार दिवस अजिनाथ कुणाच्याही घरी गेला की आधी ड्रम बघायचा. पाचव्या दिवशी त्या गल्लीला पाणी येणार, हे त्याला पाठ झालं होतं. तक्रार नव्हती. तरी गेला.

ड्रम काठोकाठ. त्यानं माळ्याकडं बघितलं, दिवे हिरवे. मागच्या खोलीत जाऊन सवयीनं केबलचं टोक उचललं. ते कशालाच जोडलेलं नव्हतं.

"लॅपटॉप परवा कुरियरनं नेला," विजयमाला म्हणाली. ती गव्हातले खडे निवडत होती. "मॅडमनी लिहिलं, कारण घरातलं आहे, म्हणजे जबाबदारी तुमची. बाहेरची लाइन असती तर विचार केला असता." ती थोडी हसली. "तुमचं अक्षर छान आहे, असंही लिहिलं होतं."

"मी बोलू का त्यांच्याशी? नीट समजावून सांगतो. आता तर दुरुस्त हाय की सगळं."

"तुमाला कोण जोडून देणार दादा? मीच आता त्या नंबरला फोन केला तर पाऊण तास गाणं वाजतंय."

तिनं राग धरला असता, कागद तोंडावर फेकला असता, तर त्याला बरं वाटलं असतं. कागद कॅलेंडरमागं नीट खोचलेला होता.

ईरम्मा तिथंच मागच्या खोलीत मोबाइलवर कानडी भजन ऐकत बसल्या होत्या. भजन न अडकता चाललं होतं. "तम्मा," त्या म्हणाल्या, "आलायस तर एक काम कर. ती नेटची पेटी खाली घे. माझ्या कुरडयांचं उंदरांनी वाटोळं केलंय. डबा वर जाऊ दे."

"आज्जी, खाली घेतलं तर परत..."

"घ्या दादा," विजयमाला परातीतनं मान वर न करता म्हणाली. "आता कुणाला लागतंय?"

त्यानं स्टूल ओढलं. राऊटर उतरवला, तार न मुडपता खाली आणली, ड्रमांमागं पहिल्या जागी लावला. डबा वर चढवला. केबल गुंडाळून खिळ्याला अडकवली. हे सगळं त्यानं वर चढवताना केलं होतं तितक्याच काळजीनं केलं.

ईरम्मांचं भजन मध्येच थांबलं. पडद्यावर गोल फिरायला लागलं.

"आँ? काय झालं रे ह्याला?"

अजिनाथनं पॅडला हात लावला आणि तसाच राहिला. सगळं कॅलेंडरमागच्या कागदावर आधीच होतं.

"काय न्हाई आज्जी," तो म्हणाला. "दोन दिवस थांबा. पाणी कमी झालं की येतंय नीट."