माझी सोळा काळी वर्तुळं

नव्वदचं दशक संपत आलं होतं आणि शिरोलीच्या एमआयडीसीत माझ्याइतका भारी लेथवाला दुसरा नव्हता. हे मी स्वतः सांगतो, कारण दुसरं कोणी सांगत नव्हतं. मी टूलला धार लावायला बसलो की चंदगडचा पाऊससुद्धा पाच मिनिटं थांबून बघून जायचा. नऊ वर्षं मी पंपांचे भाग कातत होतो आणि आता मला सुपरवायझर व्हायचं होतं. दुसऱ्या पाळीचे सुपरवायझर दिवाळीनंतर गावाकडं शेतीला जाणार होते. खुर्ची रिकामी होणार, ती माझीच, असं मी राजारामपुरीतल्या निम्म्या चहाच्या गाड्यांवर जाहीर करून बसलो होतो. सासुरवाडीलाही कळवून झालं होतं. आता ती हुकली असती तर मला कोल्हापूर सोडावं लागलं असतं.

साहेबांच्या केबिनमध्ये गेलो. नऊ वर्षांचा पराक्रम सांगायला तोंड उघडलं, तोच त्यांनी एक कोरा कागद पुढं सरकवला.

"भाषण नको. डाव्या हाताला कामं लिहा. प्रत्येक कामापुढं दोन वर्तुळं काढा, एक आज तुम्हाला किती येतं त्याचं, दुसरं सुपरवायझरला किती लागतं त्याचं. वर्तुळाचे चार भाग करायचे. एक भाग काळा म्हणजे नुसती माहिती. दोन म्हणजे कोणी शेजारी असलं तर जमतं. तीन म्हणजे एकट्याला जमतं. चारही काळे म्हणजे दुसऱ्याला शिकवता येतं."

मोठ्या गिऱ्हाइकांनी क्वालिटीची सर्टिफिकेटं मागायला सुरुवात केल्यापासून असला तक्ता शॉपच्या भिंतीवर लटकतच होता. त्यावर माझंही नाव होतं, पण तो मी कॅलेंडरइतकाच बघायचो.

घरी जाऊन आठ कामं लिहिली, सोळा वर्तुळं काढली आणि सोळाच्या सोळा काळी करून टाकली. नवं स्केचपेन संपलं. कागद असा दिसत होता की लांबून बघणाऱ्याला बैलगाडीच्या चाकांचं दुकान वाटावं. मला काय येत नव्हतं? आणि सुपरवायझरला सगळंच लागणार की!

साहेबांनी कागद उलटा करून बघितला, सुलटा करून बघितला. "बोअर गेज शून्यावर लावणं, चार?"

"डोळे झाकून, साहेब."

"झकास. उद्या दहा वाजता मामांना शिकवा. मी येतो बघायला."

मामा म्हणजे आमचे कोडोलीचे मामा. माझ्या पुढच्या पाळीला त्याच मशीनवर यायचे. वयानं मोठे, जिभेला माझ्या टूलपेक्षा जास्त धार. दहा वाजता ते स्टूल घेऊन समोर येऊन बसले, हाताची घडी घालून. शेजारी साहेब आणि क्वालिटीच्या मॅडम उभे होते.

बोअर गेज म्हणजे भोकाचा व्यास मोजायचं यंत्र. काठीच्या एका टोकाला घड्याळ, दुसरं टोक भोकात घालायचं, जरा झुलवायचं आणि काटा जिथून मागं फिरतो तिथला आकडा वाचायचा, म्हणजे भोक ठरल्या मापापेक्षा किती लहान-मोठं ते कळतं. हे मी लाखो वेळा केलं होतं. लाखो नसेल, पण खूप वेळा. झुलवण्याची कला मी हातवारे करून अशी समजावली की बघणाऱ्याच्या अंगावर काटा यावा.

"ते झालं," मामा म्हणाले. "पर ह्याचं शून्य कुठनं आलं?"

शून्य रोज सकाळी तिथं असायचंच. सूर्य उगवतो तसं. मी येण्याआधी मॅडम ते लावून ठेवायच्या, हे माझ्या ध्यानात नऊ वर्षांत आलं नव्हतं. पण माघार घेईन तो मी कसला? माझ्याच मशीनवरचा नुकता उतरवलेला नग उचलला, गेज त्यात घातलं आणि घड्याळाची तबकडी फिरवून काटा शून्यावर आणला.

"हे बघा. साठ मिलिमीटर बरोब्बर."

"आनि हा नग साठचा हाय हे कुनी सांगितलं?"

"मी केलाय की मामा! मी केलाय म्हणजे साठच असणार!"

मॅडमनी शांतपणे कपाटातून साठची रिंग काढली. ही रिंग नेमक्या मापाची, तपासून शिक्का मारलेली असते. तिच्यात गेज झुलवून त्यांनी शून्य लावलं आणि मग तेच गेज माझ्या नगात घातलं. भोक पॉइंट झिरो फाइव्ह मिलिमीटरनं मोठं निघालं. नग भंगारात.

मामा इतके हसले की स्टूलवरून पडता पडता वाचले. "आरं लेका, सोताच्या भोकानं जगाला मोजतोस व्हय!"

मी कागद मागं घेतला. साहेब फक्त एवढंच म्हणाले, "आता तुम्ही पेन्सिलनं भरा. शाई तोच मारेल ज्यानं तुमचं काम बघितलंय. आणि सुपरवायझरला काय लागतं ते मला नाही, आत्ताच्या सुपरवायझरला विचारा."

विचारलं, तर उजवीकडच्या निम्म्या वर्तुळांत पांढरे भाग आले. टूलला धार लावणं, माझं सगळ्यात मोठं वैभव, त्यात माझे चार पक्के, पण सुपरवायझरला लागत होते फक्त दोन! दोन दिवस जेवण गेलं नाही. तिसऱ्या दिवशी तांबड्या रश्शानं ते परत आणलं. माझी वर्तुळं मॅडम आणि मामांनी तपासली, तर उरल्या तीन ओळी, जिथं लागतं जास्त आणि होतं कमी. गेज लावणं, लागतात चार, माझे दोन. पाळी सोपवताना वहीत लिहिणं, लागतात तीन, माझा एक. नग रिजेक्ट का झाला ते शोधणं, लागतात तीन, माझे दोन. प्रत्येकीपुढं लिहिलं, कोणाकडून शिकायचं, काय करून दाखवायचं, कधीपर्यंत.

गेज मॅडमकडं शिकलो. पंधरवड्यानं मामांनाच शिकवून दाखवलं, तेव्हा मॅडमनी चौथा भाग शाईनं रंगवला.

वहीची शाई मामांच्या हातात होती, कारण माझ्या मागून मशीन तेच घ्यायचे. मी नऊ वर्षं वहीत एकच वाक्य लिहीत आलो होतो, 'सर्व ठीक.'

"ठीक म्हंजे काय?" मामा वही नाचवत ओरडायचे. "कटिंगचा तुकडा कवा बदललास? माप कुठं सरकाय लागलंय? मला काय सपान पडतंय व्हय?"

मी सुधारलो. कोणतं मशीन, काय बदललं, कशावर लक्ष ठेवायचं, हे लिहू लागलो. महिन्यानं मामांनी दुसरा भाग रंगवला, आणखी दोन आठवड्यांनी तिसरा. तोही असा, जणू जमीन लिहून देत होते.

रिजेक्टची ओळ मात्र राहिली. मॅडमनी चार भानगडी शोधायला दिल्या होत्या, त्यातल्या दोनच मी एकट्यानं सोडवल्या. वर्तुळ अर्धं. दिवाळीनंतर साहेबांनी त्या खुर्चीसाठी मुलाखतीला बोलावलं. त्या सकाळी खिशात नवं स्केचपेन होतं. एक छोटासा तुकडा काळा करायचा, कोण बघतंय? झाकण उघडलंही. मग मामांचं हसू कानात आलं आणि झाकण बसवलं.

साहेबांचं बोट नेमकं त्याच वर्तुळावर गेलं. "हे?"

"नाही येत अजून, साहेब. दोन बाकी आहेत. मॅडमबरोबर महिनाभरात करतो."

आयुष्यात पहिल्यांदा मी 'येत नाही' म्हणालो होतो. छत कोसळलं नाही, याची मी मान वर करून खात्री करून घेतली.

साहेबांनी कागदावर तारीख टाकली. "सोमवारपासून दुसरी पाळी तुमची. तीन महिने कच्चे. हे अर्धं वर्तुळ भरलं की पक्के. आणि हा कागद भिंतीवर लावा, सगळ्यांना दिसेल असा."

बाहेर मामा थांबलेच होते. मी झालेलं सांगितलं, थोडं फुगवून. म्हणजे साहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं वगैरे.

मामांनी सगळं ऐकून घेतलं. "अर्धं वर्तुळ ऱ्हायलंय न्हवं? मग आत्ता अर्धा किलो पेढं आन. ऱ्हायल्यालं पक्का झाल्यावर."