कोऱ्या बाजूचे बारा फलक

सत्तरच्या दशकाच्या शेवटी मी नाशिकजवळच्या एका कारखान्यात खरेदी खात्यात कारकून होतो. दरपत्रकं तपासणं हे माझं काम. आकडेमोडीत मी पक्का होतो आणि त्याचा मला भयंकर माज होता. लाल पेन खिशाला लावून फिरायचो. कुणाची बेरीज चुकली की मला जेवण गोड लागायचं, खोटं कशाला बोलू!

कारखान्याच्या आवारात बारा ठिकाणी विजेच्या तारा रस्त्यावरून आडव्या गेल्या होत्या, आणि त्या होत्या खाली. उंच माल भरलेल्या ट्रकवर कुणी उभा राहिला तर संपलाच. म्हणून प्रत्येक तारेपाशी पत्र्याचा फलक टांगायचं ठरलं: ‘धोका. वर विजेची तार. मालावर उभे राहू नये.’ पत्रे आमचेच, फक्त रंगवून घ्यायचे होते.

पेंटरचं दरपत्रक आलं. फलक चार फूट बाय दोन फूट, क्षेत्रफळ सोळा चौरस फूट, दर सहा रुपये, नग बारा, एकूण अकराशे बावन्न. मी बघितलं आणि म्हटलं, सापडला! चार दुणे आठ, सोळा कुठून आले? सोळावर लाल काट मारली, आठ लिहिले. आठ सक अठ्ठेचाळीस, गुणिले बारा, पाचशे शहात्तर. निम्मे पैसे वाचवले म्हणून साहेबांनी माझ्या पाठीवर थाप मारली.

दुसऱ्या दिवशी पेंटर आला. वयानं माझ्याहून मोठा, नखांत रंग.

“भाऊसाहेब, आमचा हिशेब पत्र्यावर नसतो, रंगावर असतो. दोन्ही बाजू धरल्यात मी. आठ नि आठ सोळा.”

“मग तसं लिहायचं ना!”

“चुकलंच माझं. पण दोन्हीकडून लागेल बघा. गाड्या रिकाम्या आत जातात, भरून परत येतात. परतीच्या बाजूला तर जास्त लागेल.”

तो बरोबर बोलतोय हे मला तिथंच कळलं होतं. पण साहेबांची सही झाली होती आणि काट मारली होती मी. आता ती खोडून सोळा कोण लिहिणार? मी म्हटलं, “जाताना वाचलेलं येताना विसरतो का माणूस? एक बाजू कर. नसेल जमत तर दुसरा बघतो.”

त्याला काम हवं होतं. त्यानं मान हलवली आणि आठ चौरस फुटांवर सही केली.

फलक लागले. आत जाताना लाल अक्षरं लखलखीत, परत येताना कोरा पत्रा. जेवणाच्या सुट्टीत तिथून जायचो तेव्हा कोऱ्या बाजूला थांबायचो. एक भरलेला ट्रक निघायचा, वर हमाल, आणि मी तारेकडे बघत उभा. ट्रक पार व्हायचा. मी स्वतःलाच म्हणायचो, बघ, उगाच घाबरतोस. पण मग दुपारी टेबलावर बसलो तरी बाहेर ट्रकचा आवाज आला की पेन थांबायचं. नवीन दरपत्रक मागवायला कागद एकदा काढलाही होता. काय कारण लिहू, या विचारात तसाच ठेवला.

एका सकाळी आवारातले सगळे आवाज एकदम बंद झाले. मी जागेवरून उठलोच नाही. मला माहीत होतं.

सिन्नरकडचा हमाल होता, येऊन पंधरा दिवस झालेले. हमाल मागच्या फाटकानं चालत यायचे, त्यामुळे रंगवलेली बाजू त्यानं कधी पाहिलीच नव्हती. ताडपत्रीची दोरी आवळायला तो मालावर उभा राहिला. जीव वाचला. उजवा हात कोपरापासून गेला.

चौकशीत अहवाल लिहायला मलाच बसवलं. साहेबांनी सांगितलं, “लिहा, सूचना फलक लावलेला होता. कामगार निरक्षर असल्यानं वाचू शकला नाही. चूक कामगाराची.” मी लिहिलं. मग त्याचा अंगठा घ्यायला दवाखान्यात गेलो. कागद वाचून दाखवला.

“भाऊसाहेब, मला वाचता येतं. सातवी झालीय माझी. फळीवर कायबी लिवलेलं नव्हतं हो. लिवलेलं असतं तर मी खाली बसलो नसतो का? भरपाई नाय दिली तर नाय, पण अडाणी नका लिवू.”

अंगठ्याची शाई त्यानं नाकारली. डाव्या हातानं, वेड्यावाकड्या अक्षरांत त्यानं पूर्ण नाव लिहिलं. मी लाल पेन काढलं आणि ‘निरक्षर’ शब्दावर काट मारली. फलकाची ती बाजू कोरी का राहिली, हे लिहायला खाली अर्धं पान मोकळं होतं. मी कागदाची घडी घातली आणि घरी गेलो.